फोटोवरून ओळखा: 21 गिअरच्या सायकलला कोणता पार्ट बसेल?

"घाटात गिअर जड जातात, ब्रेकही यथातथाच आहेत. काय काय बदलू?" अशा प्रश्नासोबत सायकलचा जो फोटो येतो तो बहुतेक वेळा सारखाच असतो: सायकल भिंतीला टेकवलेली आणि उजवी बाजू समोर. या फोटोत गिअर निम्मे दिसतात आणि डिस्क ब्रेक दिसतच नाही, कारण तो चाकाच्या डाव्या बाजूला असतो. त्यामुळे प्रश्नाच्या उत्तराआधी फोटोंबद्दलच बोलावं लागतं.

हा लेख आपल्याकडे भरपूर विकल्या जाणाऱ्या प्रकाराबद्दल आहे: सरळ हँडलची हायब्रिड किंवा एमटीबी, पुढे 3 आणि मागे 7 दातेरी चकत्या, म्हणजे 21 गिअर, आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. रेसिंग सायकलचं गणित वेगळं असतं. ते इथे घेतलेलं नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. पार्टवरचं नाव मोठ्या अक्षरात दिसलं की आपण तेच धरून बसतो. पण बसेल की नाही हे नावावर ठरत नाही, एक पार्ट दुसऱ्याला जिथे जोडला जातो त्या जागेवर ठरतं. फोटोत शोधायच्या त्या जागा.

पायरी 1: कोणते फोटो काढायचे

आधी ओल्या फडक्याने पार्ट पुसून घ्या. कोरलेली अक्षरं ग्रीसखाली गेली की ती झूम करूनही वाचता येत नाहीत. सायकल सावलीत उभी करा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा, म्हणजे कोरीव अक्षरांची सावली पडून ती उठून दिसतात. मोबाइल पार्टच्या उंचीवर आणि समोरासमोर धरा. दोन-एक मीटर मागे सरकून झूम केलं तर गोल वस्तू लंबगोल दिसत नाहीत, आणि पुढे आपल्याला फोटोतच मापं घ्यायची आहेत.

हवेत ते फोटो असे: दोन्ही शिफ्टर आणि ब्रेकचे लिव्हर, वरून आणि खालून. मागच्या दातेरी चकत्या, एक मागून आणि एक बाजूने. गिअर बदलणारा मागचा पार्ट, ज्याला सगळे आरडी म्हणतात, बाहेरून आणि चाकाच्या बाजूने. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या, दोन्हीकडून. आणि डावीकडून दोन्ही चाकांचे ब्रेक, एकदा बाजूने आणि एकदा मागून.

शिमानोच्या पार्टवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून एक कोड असतो. आरडीचा कोड RD ने, सुट्या शिफ्टरचा SL ने, ब्रेक-लिव्हरसकट असलेल्या शिफ्टरचा ST ने, ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरचा BR ने आणि क्रँकचा FC ने सुरू होतो. आरडीचा कोड बहुधा आतल्या बाजूला, चाकाकडे तोंड करून असतो. क्रँकचा दांड्याच्या आतल्या अंगाला सापडतो. हा कोड जसाच्या तसा शोधात टाकला की कंपनीचा तपशील मिळतो. बाहेरच्या बाजूला छापलेल्या नावावर मात्र फार विसंबू नका. विक्रीला ठेवलेल्या सायकलवर नजर पहिल्यांदा आरडीवर जाते, म्हणून तेवढा एक पार्ट वरच्या श्रेणीचा आणि बाकी सगळं साधं, हा प्रकार सर्रास दिसतो.

पायरी 2: शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकच आहे का?

ही जागा मी सगळ्यांत आधी बघतो, कारण पुढचा खर्च इथे ठरतो.

हँडलच्या नळीला किती पट्टे आवळलेले आहेत ते मोजा. गिअरचा एक आणि ब्रेकचा एक असे दोन वेगळे पट्टे दिसले तर दोन्ही पार्ट स्वतंत्र आहेत आणि एकाला हात न लावता दुसरा बदलता येईल. एकच पट्टा, त्यातूनच ब्रेकचा लिव्हर बाहेर आलेला आणि त्याच्याच अंगाला गिअरची कळ, असं असेल तर तो जोड-शिफ्टर. 21 गिअरच्या सायकलवर ST-EF500 किंवा ST-EF41 हे असे जोड-शिफ्टर खूप दिसतात.

अडचण कुठे येते? समजा, हायड्रॉलिक ब्रेक घ्यायचे ठरवले. त्यांच्या लिव्हरमध्ये तेलाची टाकी असते, म्हणजे लिव्हर नवेच येणार. जुना लिव्हर काढला की त्याच्यासोबत गिअरचा शिफ्टरही जातो. दुकानात फक्त ब्रेकचे पैसे मोजून आलेल्या माणसाला हे सायकल उघडल्यावर कळतं.

केबलवरच राहायचं असेल तर जोड-शिफ्टरचा त्रास नाही. फक्त एवढं बघा की सरळ हँडलचे हे लिव्हर जास्त केबल ओढतात, ज्याला लाँग-पुल म्हणतात. रेसिंग सायकलच्या वाकड्या हँडलसाठी बनवलेला कॅलिपर कमी केबलवर चालतो. दोन्ही दिसायला जवळपास सारखे असतात आणि ऑनलाइन शेजारी शेजारी विकले जातात. चुकीचा घेतला तर ब्रेक लाकडासारखा कडक लागतो आणि थांबवत नाही. घेताना तपशिलात एमटीबी किंवा लाँग-पुल लिहिलेलं आहे का ते वाचा.

पायरी 3: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट?

मागच्या चकत्यांचा गठ्ठा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, दोन तऱ्हांनी बसतो. फ्रीव्हील हबवर आट्यांनी फिरवून घट्ट बसतं आणि मागे फिरताना टिकटिक करणारी यंत्रणा त्याच्या पोटातच असते. कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्या. ती हबच्याच खाचांच्या नळकांड्यावर सरकवतात आणि वरून एका रिंगने आवळतात. टिकटिक करणारी यंत्रणा हबमध्ये राहते. एकाच्या जागी दुसरं बसत नाही. त्यासाठी हब, म्हणजे व्यवहारात अख्खं मागचं चाक बदलावं लागतं.

मागे 7 चकत्या आणि सर्वांत लहान चकतीला 14 दाते असतील तर ते जवळजवळ नक्की फ्रीव्हील. लहान चकती 11 दात्यांची असेल तर कॅसेटची शक्यता जास्त. 8 चकत्या असल्या तर दोन्ही शक्य, आणि स्वस्त सायकलींवर 9 चकत्यांचं फ्रीव्हीलही सापडतं. म्हणून नुसती संख्या मोजून निकाल देऊ नये.

खात्रीसाठी चाक काढा आणि उजव्या बाजूने अॅक्सलच्या भोवती बघा. इथे फोटोपेक्षा पाच सेकंदांचा व्हिडिओ बरा. चकत्या उलट्या फिरवा. अॅक्सलच्या लगतची खाचांची रिंग जागेवर थांबली आणि फक्त चकत्या फिरल्या, तर फ्रीव्हील. चकत्यांबरोबर ती रिंगही फिरली आणि तिच्यावर 'लॉक' अशी इंग्रजी अक्षरं व बाण दिसला, तर कॅसेट.

फ्रीव्हीलच्या हबवर 8 किंवा 9 चकत्यांचं फ्रीव्हील चढवून गिअर वाढवण्याचा सल्ला मिळतो. मी तो देत नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत, चकत्यांच्या मागे असतं, त्यामुळे अॅक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो. चकत्या वाढल्या की हा भाग आणखी लांबतो आणि खड्ड्यांत अॅक्सल वाकतो किंवा तुटतो. गिअर वाढवायचेच असतील तर कॅसेटचं चाक घ्यावं. 7 वरच राहायचं असेल तर फ्रीव्हीलला नाव ठेवायचं कारण नाही.

पायरी 4: आरडीला काय झेपेल?

आरडीच्या बाबतीत तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, तो फ्रेमला कसा धरलेला आहे. फ्रेमच्या शेपटातच आट्यांचं भोक असेल आणि आरडीचा बोल्ट थेट त्यात गेलेला असेल तर तो हँगर. चाकाच्या नटाखालून एक लोखंडी पट्टी बाहेर आलेली आणि आरडी तिच्यावर बसलेला असेल तर ती ब्रॅकेटची सोय. RD-TY300 या शिमानोच्या टूर्नी मालिकेतल्या नेहमीच्या आरडीच्या दोन्ही आवृत्त्या मिळतात, तेव्हा ऑर्डर देताना नुसता कोड पुरत नाही.

दुसरी, केबलचं प्रमाण. शिफ्टरच्या एका क्लिकला ठरावीक केबल ओढली जाते आणि आरडी तिच्या काही पट सरकतो. शिमानोच्या 6 ते 9 गिअरच्या आरडींमध्ये हे प्रमाण साधारण 1.7 आहे. 7 गिअरचा शिफ्टर एका क्लिकला 3 मि.मी.च्या आसपास केबल ओढतो, आरडी सुमारे 5 मि.मी. सरकतो, आणि 7 चकत्यांमधलं अंतरही तेवढंच असतं. म्हणून या कुटुंबातले आरडी एकमेकांच्या जागी चालतात. किती चकत्या आहेत याचा हिशोब शिफ्टर ठेवतो. एमटीबीच्या 10 गिअरपासून पुढे शिमानोने हे प्रमाण बदललं. "12 गिअरचा डिओर आरडी स्वस्तात मिळतोय, लावू का?" याचं उत्तर त्यामुळे नाही असंच आहे. 7 च्या शिफ्टरच्या एका क्लिकला तो पुरेसा सरकतच नाही.

असा बेमेळ आधीच करून ठेवलेली सायकल कशी ओळखायची? केबलचा ताण बिघडला असेल तर सगळ्याच गिअरमध्ये साखळी सारखीच बाजूला राहते आणि केबलच्या टोकाचा बॅरल स्क्रू फिरवून ती जागेवर येते. प्रमाण बेमेळ असेल तर लहान चकत्यांवर गिअर नीट लागतात, पण मोठ्या चकतीकडे जाताना चूक वाढत जाते. एक टोक जुळवलं की दुसरं बिघडतं. वाकलेला हँगरही असाच छळतो, म्हणून मागून काढलेल्या फोटोत आरडीचा पिंजरा चकतीशी समांतर आहे ना, हे आधी बघा.

तिसरी गोष्ट, सर्वांत मोठी चकती आणि एकूण क्षमता. क्षमता म्हणजे साखळीचा किती ढिलेपणा आरडी ओढून धरू शकतो:

```
(पुढची मोठी - पुढची लहान) + (मागची मोठी - मागची लहान)
```

RD-TY300 ला मागची चकती जास्तीत जास्त 34 दात्यांची चालते आणि एकूण क्षमता 43 आहे. दाते मोजायला फोटो पुरतो. चकतीवर आकडा कोरलेला नसेल तर चकतीचा अर्धा भाग मोजून दुप्पट करा, आणि मग एकदा पूर्ण मोजून पडताळा. फोटोत लांबी हवी असेल तर साखळी हीच मोजपट्टी: पिनपासून पिनपर्यंत 12.7 मि.मी., मग सायकल कुठल्याही कंपनीची असो.

क्रँकवर एवढंच बघा की चकत्या बोल्टने लावल्या आहेत की रिव्हेट ठोकून. रिव्हेट असतील तर एकटी चकती बदलता येत नाही, पूर्ण क्रँक बदलावी लागते.

पायरी 5: ब्रेक

कॅलिपरमध्ये उघडी तार येऊन एका हलत्या दांडीला आवळलेली दिसली तर ब्रेक केबलचा. जाड नळी थेट कॅलिपरच्या अंगात शिरत असेल आणि हलती दांडी नसेल तर हायड्रॉलिक.

पुढचा प्रश्न, कॅलिपर फ्रेमला कसा लावला आहे. बोल्टांची डोकी कुठे वळलेली आहेत ते बघा. बोल्ट चाकाच्या रेषेत, पुढे-मागे जात असतील तर पोस्ट माउंट, त्यांच्या मध्यांतलं अंतर 74 मि.मी. बोल्ट बाजूने आडवे, अॅक्सलला समांतर शिरत असतील तर आयएस माउंट, अंतर 51 मि.मी. एकाच ब्रेकवर दोन्ही तऱ्हेचे बोल्ट दिसले तर फ्रेम आयएसची आहे आणि मध्ये एक अॅडॉप्टर आहे. बोल्टांच्या दोन जोड्या मोजल्या की हा गोंधळ सुटतो. पुढचा काटा आणि मागची फ्रेम यांची माउंट वेगवेगळी असू शकतात, म्हणून दोन्हीकडचे फोटो हवेत.

रोटर, म्हणजे पॅड जिला दाबतात ती ब्रेकची चकती, किती मोठा आहे हेही फोटोत मोजता येतं. रोटर सहा बोल्टांचा असेल तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर 44 मि.मी. असतं. स्क्रीनवर पट्टी ठेवून ते अंतर समजा 11 मि.मी. आलं आणि पूर्ण रोटर 40 मि.मी. आला, तर 40 भागिले 11 म्हणजे 3.6, आणि 3.6 गुणिले 44 म्हणजे साधारण 160. रोटर 180 चा असता तर स्क्रीनवर 45 आला असता. दोन्ही गोष्टी एकाच प्रतलात असल्यामुळे हा हिशोब चांगला जमतो, फक्त फोटो तिरका नको. बोल्ट नसतील आणि मध्ये एकच खाचांची रिंग असेल तर तो सेंटरलॉक. त्याचा हब वेगळा असतो.

रोटरवरची बारीक अक्षरं जरूर वाचा. स्वस्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. त्यावर मेटल पॅड लावले तर रोटर भराभर झिजतो. शिमानोच्या रोटरवर किमान जाडीही दिलेली असते, बहुतेकांवर 1.5 मि.मी. प्रत्यक्ष जाडी मात्र फोटो सांगत नाही. साखळीचं ताणणं आणि पॅड किती उरलेत हेही नाही. त्यासाठी गेज आणि हात लागतात.

एक खरं उदाहरण

वाईच्या एका मित्राने फोटो पाठवले. त्याला पसरणी घाट चढून पाचगणीला जायचं होतं आणि येताना ब्रेकवर भरवसा हवा होता. 27.5 इंची चाकांची एमटीबी. फोटोत दिसलं ते असं: हँडलवर एकेकच पट्टा, ST-EF500. क्रँक रिव्हेटची, 42-34-24. मागे 7 चकत्या, 14 ते 28, आणि व्हिडिओत अॅक्सलजवळची रिंग थांबलेली, म्हणजे फ्रीव्हील. आरडी RD-TY300, हँगरवर. ब्रेक केबलचे, रोटर 160 चे, पुढे पोस्ट माउंट आणि मागे आयएसवर अॅडॉप्टर.

आधी चढ. पुढे 24 आणि मागे 28, म्हणजे पायाच्या एका फेरीला चाक 0.86 वेळा फिरतं. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग येतो ताशी सुमारे 6.6 किलोमीटर. त्या वेगाला दम पुरत नसेल तर फेऱ्या कमी होतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे 34 असेल तर हेच प्रमाण 0.71 होतं आणि त्याच फेऱ्यांना वेग ताशी 5.5 वर येतो. घाटात हा फरक पायांना लगेच कळतो.

आरडीला झेपेल का? 42 वजा 24 म्हणजे 18. 34 वजा 14 म्हणजे 20. एकूण 38, आणि मर्यादा 43. मोठी चकती 34, तीही मर्यादेत. म्हणजे MF-TZ500 चं 14-34 फ्रीव्हील, 7 चकत्यांचं, थेट बसतं. शिफ्टर, आरडी, चाक कशालाच हात लावायचा नाही. त्यातली खोट अशी की शेवटच्या दोन चकत्या 24 आणि 34 आहेत. मधली उडी मोठी पडते आणि पाय एकदम मोकळे सुटतात. घाटासाठी चालतं. सपाट रस्त्यावर तो गिअर वापरातच येत नाही.

साखळी मात्र तपासायलाच हवी. ती आरडीतून न घालता पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून गुंडाळायची, आणि वर दोन दुवे शिल्लक राहिले पाहिजेत. 28 साठी कापलेली साखळी 34 ला बहुतेकदा आखूड पडते. तशीच ठेवली आणि चुकून मोठी-मोठी जोडी लागली तर आरडी ओढला जाऊन हँगरसकट तुटतो. जुनी साखळी झिजलेली असेल तर नव्या फ्रीव्हीलवर ती उड्या मारते, म्हणून 6/7/8 गिअरची नवी साखळी सोबतच घ्यावी. जुनं फ्रीव्हील काढायला खाचांचं खास रिमूव्हर लागतं. ते पायाच्या जोरानेच वर्षभर घट्ट होत आलेलं असतं, म्हणून घरच्या पान्ह्याशी झटापट न करता दुकानात नेलेलं बरं.

आता ब्रेक. केबलच्या बहुतेक साध्या कॅलिपरमध्ये बाहेरचाच पॅड हलतो. आतला जागेवर असतो आणि तो मागच्या स्क्रूने रोटरच्या जवळ आणावा लागतो. त्याच्या मागून काढलेल्या फोटोत आतल्या पॅडशी चांगली फट दिसत होती. लिव्हर ओढला की रोटर वाकून आतल्या पॅडला टेकत होता, म्हणजे निम्मा जोर रोटर वाकवण्यातच जात होता. आतला पॅड रोटरला न घासता जवळ आणला, केबल आणि तिचं आवरण नवं घातलं, की कितीतरी सायकलींचे ब्रेक सुधारतात. त्याला मी आधी तेवढंच करायला सांगितलं.

त्याला तरी हायड्रॉलिकच हवे होते. शिमानोचे MT200 त्याच्या मनात होते. कॅलिपर पोस्ट माउंटचा, त्यामुळे पुढे सरळ बसेल. मागे आयएसवर 160 साठीचा मागचाच अॅडॉप्टर हवा, कारण पुढचा आणि मागचा एकच नसतो. रोटर तोच राहील, पॅड रेझिनचे येतात. पण जोड-शिफ्टर निघणार, म्हणून डावीकडे 3 आणि उजवीकडे 7 चे सुटे SL-M315 शिफ्टर आणि नव्या केबल. दोन ब्रेकच्या खर्चावर दोन शिफ्टर चढले.

इथे मी त्याला एकच विचारलं: पुढच्या वर्षभरात कॅसेटचं चाक घ्यायचा विचार आहे का? असेल तर आत्ता 7 चा शिफ्टर घेण्यात अर्थ नाही. तेव्हा 8 किंवा 9 चा घ्यावाच लागेल, म्हणून हायड्रॉलिक ब्रेक त्या चाकासोबतच करावेत. विचार नसेल तर 7 चेच घेऊन मोकळं व्हावं. त्याने फ्रीव्हील आणि साखळी घेतली, आतला पॅड लावून घेतला आणि ब्रेक पुढच्या दिवाळीवर टाकले.

ते घेताना त्याने अजून एक फोटो काढायचा आहे, दोन्ही लिव्हरपासून नळ्या कुठे जातात त्याचा. हायड्रॉलिक सेट तेल भरून, लिव्हर आणि कॅलिपर जोडूनच येतो. उजव्या लिव्हरला पुढची आखूड नळी लावलेला सेट आला आणि तुमच्या सायकलवर उजवा हात मागचा ब्रेक लावत असेल, तर नळी पुरणार नाही. ऑर्डर देताना 'उजवा लिव्हर, पुढचं चाक' की 'उजवा लिव्हर, मागचं चाक', हे स्पष्ट लिहा.